मुलाचे मत : विचारावे केव्हा, ऐकावे कसे?

पतिपत्नींचा संसार मोडला की भांडीकुंडी, दागदागिने आणि पोटगी यांची वाटणी कशीबशी होते. मुलांची वाटणी मात्र करता येत नाही. दोघांपैकी कोणीच मागे हटेना, म्हणजे प्रकरण न्यायालयात जाते आणि एके दिवशी आठदहा वर्षांच्या एखाद्या मुलाला न्यायाधीशाच्या दालनात बसविले जाते. बाहेर एका बाकावर आई असते, दुसऱ्या बाकावर वडील. आत त्या मुलाला जे काही विचारले जाते आणि ते जे काही उत्तर देते, त्याला निकालात किती वजन द्यावयाचे, हा प्रश्न वरकरणी साधा वाटतो. वस्तुतः कौटुंबिक कायद्यातील याहून अवघड प्रश्न क्वचितच सापडेल.

मोताळ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. तालुक्यातील मुली पुण्यामुंबईकडे नोकरी करणाऱ्या तरुणांना दिल्या जातात. संसार विसकटला, की मूल कडेवर घेऊन मुलगी माहेरी परतते. अशा वेळी जो पेच निर्माण होतो, त्यात कायद्याचे शब्द एक असतात आणि व्यवहार दुसराच घडतो. हे अंतर कोठे पडते आणि त्यात मुलाच्या मताचे काय होते, ते पाहणे अगत्याचे आहे.

कायद्याचे शब्द

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १८९० चा पालक व पाल्य अधिनियम. त्याच्या सतराव्या कलमात मुलाचे वय, लिंग व धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचे चारित्र्य व कुवत, नात्याची जवळीक अशा गोष्टी मोजून झाल्यावर एक छोटेसे वाक्य येते : समंजस पसंती ठरविण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय त्या पसंतीचा विचार ‘करू शकेल’. ‘केलाच पाहिजे’ असे कायदा म्हणत नाही आणि ‘मोठे’ म्हणजे किती वर्षांचे, हेही सांगत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे सव्विसावे कलम थोडे पुढे जाते. मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयीचे आदेश शक्य असेल तेथे त्यांच्या इच्छेशी सुसंगत असावेत, असे ते म्हणते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमात पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे, असे सांगितले आहे; आणि त्याच कायद्याच्या तेराव्या कलमाने मुलाचे हित सर्वांवर ठेवले आहे. मुस्लिम कुटुंबांत ताब्याचे नियम त्यांच्या व्यक्तिगत कायद्याने ठरतात. परंतु प्रकरण १८९० च्या कायद्याखाली आले, की तेथेही मुलाचे हित पाहिल्यावाचून न्यायालयाला पुढे जाता येत नाही.

म्हणजे मुलाची इच्छा ही निकाल नव्हे. हित कशात आहे, हे शोधण्याचा तो एक पुरावा आहे. २०२२ साली एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला. मुलाला काय हवे आहे हा एक प्रश्न आणि त्याचे सर्वोत्तम हित कशात आहे हा दुसरा. पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याचे उत्तर आपोआप मिळत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. तथापि पुरावा म्हटला, की तो कसा गोळा केला आणि केव्हा गोळा केला, यावर त्याची किंमत ठरते. नेमके याच जागी आपल्याकडील व्यवहार लंगडा पडतो.

मुंबईतील दोन जुने खटले

मुलाला विचारावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. पावणेदोनशेहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टापुढे थोड्या वर्षांच्या अंतराने दोन प्रकरणे आली. १८३९ साली डॉ. जॉन विल्सन यांच्या मिशन शाळेतील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याला परत मिळविण्यासाठी हेबिअस कॉर्पसचा अर्ज झाला. तरुण सोळा-सतरा वर्षांचा होता. न्यायालयाने त्याला हवे तेथे जाण्याची मोकळीक दिली आणि तो विल्सन यांच्याकडे गेला.

चार वर्षांनी, १८४३ साली, शेषाद्री घराण्यातील दोघा ब्राह्मण बंधूंचे प्रकरण उद्भवले. थोरले नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. धाकटा श्रीपत, बारा वर्षांच्या आसपासचा, रॉबर्ट नेस्बिट या मिशनऱ्यांच्या घरी राहत होता आणि त्याची इच्छा तेथेच राहण्याची होती. वडिलांनी न्यायालयाचे दार ठोठावले. या वेळी सर अर्स्किन पेरी यांनी मुलाची समज तपासण्याच्या भानगडीत न पडता त्याला वडिलांच्या हवाली केले. मूर्तिपूजा करावीच लागेल काय, अशा अर्थाचा प्रश्न त्या मुलाने त्या वेळी विचारला, अशी मिशनऱ्यांच्या बाजूची नोंद आहे. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर यांनी पुढाकार घेतला आणि त्यावरून सनातनी मंडळींचा केवढा रोष त्यांनी ओढवून घेतला, हे मराठी वाचकांस ठाऊक आहे.

या दोन निकालांकडे आज पाहिले, तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. सोळाव्या वर्षीची इच्छा संपूर्ण मानली गेली. बाराव्या वर्षीची इच्छा विचारलीही गेली नाही. वयाची एक रेघ ओढायची, तिच्या पलीकडे सर्व आणि अलीकडे शून्य, अशी ती पद्धत होती. शिवाय अलीकडच्या बाजूला जे उरत होते, ते मुलाचे हित नव्हे, तर बापाचा अधिकार. श्रीपतची आई त्या वादात कोठेच दिसत नाही.

ही दृष्टी पुढे सावकाश बदलत गेली. मुले ही आईबापांच्या मालकीची चीजवस्तू नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब प्रकरणात सांगितले. रेघ पुसली गेली आणि तिच्या जागी तारतम्य आले. आता साधारणतः आठनऊ वर्षांच्या मुलाशी न्यायाधीश बोलतात, बारा वर्षांनंतरच्या मताला अधिक वजन देतात. पण हा प्रघात आहे, नियम नव्हे. तारतम्याचा एक तोटा मात्र असतो. ते वापरणाऱ्याच्या हातात कसब आणि सवड, दोन्ही असावी लागतात.

एकाच न्यायालयाची दोन उत्तरे

हे कसब म्हणजे काय, ते सर्वोच्च न्यायालयापुढील दोन प्रकरणे शेजारीशेजारी ठेवली म्हणजे कळते. पहिले २००८ सालचे, बंगालमधील. आईचा मृत्यू झालेला. त्या मृत्यूबाबत वडिलांवर हुंड्यासंबंधीचा फौजदारी खटला चालू होता. मुलगा आजीआजोबांकडे, म्हणजे आईच्या माहेरी वाढत होता. खालच्या न्यायालयाने आणि उच्च न्यायालयानेही ‘नैसर्गिक पालक’ म्हणून वडिलांना ताबा दिला. मुलाशी बोलावे, असे त्यांना वाटले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी त्याला दालनात बोलावून विचारले, तेव्हा वडिलांकडे जाण्याची त्याची तयारी नव्हती. न्यायालयाने खालचे निकाल फिरविले, मुलाला आजीआजोबांकडे ठेवले आणि त्याची इच्छा जाणून न घेतल्याबद्दल खालच्या न्यायालयांना दोष दिला.

दुसरे २०१७ सालचे, दिल्लीतील. आईवडील वेगळे झाले तेव्हा मुलगी एकवीस महिन्यांची होती. ती सैन्यात असलेल्या वडिलांकडे आणि त्यांच्या आईवडिलांकडे राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचेतो ती आठ वर्षांची झाली. न्यायाधीशांनी विचारले, तेव्हा तिने वडिलांजवळ राहायचे आहे, असेच सांगितले. तरीही न्यायालयाने तिला आईकडे पाठविले. जिच्या सहवासात राहण्याचा अनुभवच मुलीला मिळाला नाही, तिच्याविरुद्धची पसंती ही खरी निवड कशी मानावी, असा त्यामागचा विचार होता. वडिलांच्या नियमित भेटी ठरविल्या गेल्या आणि वर्षभर आईकडे राहून झाल्यावर वडिलांना पुन्हा दाद मागण्याची मुभा ठेवण्यात आली.

पहिल्या प्रकरणात मुलाचे मत मानले, दुसऱ्यात बाजूला ठेवले. यात विसंगती आहे काय? नाही. दोन्ही ठिकाणी न्यायालयाने एकच प्रश्न विचारला : हे मत कशातून आले? बंगालच्या मुलाचे मत त्याच्या घरी घडलेल्या भयंकर घटनेतून आणि आजीआजोबांच्या प्रत्यक्ष मायेतून आले होते. दिल्लीच्या मुलीचे मत आईच्या दीर्घ अनुपस्थितीतून आले होते; आणि ती अनुपस्थिती त्या मुलीने निवडलेली नव्हती.

पढविलेले आणि अनुभवलेले

मत कशातून आले, हे ओळखण्याची काही साधने अनुभवी न्यायाधीश व समुपदेशक वापरतात. मूल पहिल्या भेटीत खुलत नाही, म्हणून एकाहून अधिक बैठका घेतात. आईवडील व वकील बाहेर असतात. ‘आई हवी की बाबा?’ हा प्रश्न जाणता मनुष्य विचारीतच नाही, कारण त्या प्रश्नाने मूलच न्यायाधीश होते आणि हरलेल्या पक्षाचा रोष जन्मभर वाहते. त्याऐवजी शाळा, अभ्यास, मित्र, सकाळी डबा कोण भरून देते, ताप आला तर रात्री कोण जागते, असे विषय निघतात. आदले पंधरा दिवस मूल कोणाकडे होते आणि न्यायालयात त्याला कोणी आणले, याचीही दखल घेतली जाते.

पढविलेल्या मताची लक्षणे बहुधा दिसून येतात. मुलाच्या तोंडी त्याच्या वयाला न शोभणारे शब्द येतात : ‘पोटगी’, ‘चारित्र्य’, ‘माझा हक्क’. वेगवेगळ्या प्रश्नांना एकच वाक्य पुन्हा पुन्हा मिळते. एका पालकात कोणताच दोष नसतो आणि दुसऱ्याची एकही बरी आठवण नसते. नापसंती त्या पालकापुरती न थांबता, ज्यांना मूल फारसे भेटलेलेही नाही अशा काका, आत्या, मावशांपर्यंत पसरते. खरी भीती अशी नसते. ती एखाद्या रात्रीला, एखाद्या आवाजाला, एखाद्या खोलीला चिकटलेली असते. तिचा तपशील लहान आणि नेमका असतो आणि सांगताना मूल अडखळते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘दुसऱ्या पालकाने मन कलुषित केले’ हा आरोप अलीकडे वकिलांच्या हाती सोयीचे हत्यार झाला आहे. ज्या घरात खरोखर मारहाण होती, त्या घरातील मुलाचा नकारही ‘पढविलेला’ म्हणून उडवून लावता येतो. म्हणूनच लक्षणे पाहून भागत नाही. वैद्यकीय कागद, शेजारी, शिक्षक यांच्याकडून पडताळा घ्यावा लागतो आणि संशय असेल तेथे भेट तिऱ्हाइताच्या देखरेखीखाली ठेवावी लागते.

काळ हाच तिसरा पक्षकार

आता मोताळ्याकडे वळू. समजा, पुण्यात नांदणारी मुलगी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मोताळ्याला माहेरी आली. १८९० च्या कायद्यानुसार अर्ज कोठे करावयाचा, हे मुलाचा ‘सामान्य निवास’ कोठे आहे, यावर ठरते. वडील म्हणतात पुणे. आई म्हणते बुलढाणा जिल्हा. पहिले काही महिने या वादातच जातात. तेवढ्यात मुलाचे नाव मोताळ्याच्या शाळेत घातले जाते. दाखला अडवून ठेवण्याचा वडिलांचा प्रयत्न फारसा उपयोगी पडत नाही, कारण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्यावाचूनही प्रवेश द्यावा लागतो. आणि मुलाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मग लेखी म्हणणे, मध्यस्थी, तारखा. एक पक्ष वरच्या न्यायालयात गेला, तर मोताळ्याहून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या नागपूर खंडपीठाची वाट. न्यायाधीशांपुढे मूल बसेतो ते नऊ वर्षांचे झालेले असते. त्याचे मित्र मोताळ्याचे, भाषा वऱ्हाडी वळणाची, आणि वडील म्हणजे फोनवरचा आवाज. त्याला विचारले, तर ते काय सांगेल, हे विचारण्यापूर्वीच ठाऊक असते.

बाजू उलटी असती, मूल पुण्यात वडिलांनी ठेवून घेतले असते आणि आई मोताळ्याला एकटी परतली असती, तरी गणित हेच राहते. फक्त नावे बदलतात. ज्याच्या हाती मूल, त्याच्या बाजूने काळ. विलंब हा या खटल्यांतील अदृश्य पक्षकार आहे आणि मुलाची पसंती पुष्कळदा त्याचीच साक्ष असते.

म्हणून मुलाच्या मताला न्याय द्यावयाचा, तर लक्ष अंतिम सुनावणीवर नव्हे, पहिल्या दोन महिन्यांवर द्यावयास हवे. १८९० च्या कायद्याच्या बाराव्या कलमाखाली न्यायालय मुलाला हजर करण्याचा व तात्पुरत्या ताब्याचा आदेश देऊ शकते. अंतरिम भेटीही त्याच टप्प्यावर ठरविता येतात. दोन्ही पालकांशी नाते चालू राहिले, तर पुढे विचारलेल्या मताला अर्थ राहतो. अन्यथा ते मत म्हणजे एकाच ताटातले जेवलेल्याला दोन ताटांपैकी कोणते आवडते, असे विचारण्यासारखे होते. तसेच सुरुवातीस एकदा आणि अखेरीस एकदा, असे मुलाशी दोनदा बोलले गेले, तर मधल्या काळात त्याचे मन कोणत्या दिशेने आणि का सरकले, तेही समजते.

भेटींचा आदेश मिळणे आणि भेट होणे यांतही अंतर आहे. महिन्यातून दोनदा न्यायालयाच्या आवारात एक तास, असा आदेश देणे सोपे असते. पुण्याहून रात्रभर प्रवास करून मलकापूर स्टेशनावर उतरलेल्या बापाला आणि एस.टी.ने बुलढाण्याला नेलेल्या मुलाला तो एक तास परस्परांकडे पाहण्यात जातो. भोवती वकील, पोलीस आणि तारखेची गर्दी. अशा भेटीतून नाते जुळत नाही. उलट ‘बाबा म्हणजे कोर्ट’ असे समीकरण मुलाच्या मनात पक्के होते. जेथे हिंसेचा धोका नाही, तेथे दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीचे सलग दिवस, वाढदिवस, आणि रोजचा ठरलेला फोन अधिक उपयोगी पडतो. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने यशिता साहू प्रकरणात दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी रोज पाचदहा मिनिटे बोलू द्यावे, असे सुचविले. भेटीचा हक्क आणि संपर्काचा हक्क असे दोन्ही त्या निकालात आले आहेत.

आदेश मोडणाऱ्याला धाक कसला? बाराव्या कलमाच्या आदेशाप्रमाणे मूल हजर केले नाही, तर १८९० च्या कायद्यात दंड आहे शंभर रुपये, पुढे रोजचे दहा रुपये आणि एकूण जास्तीत जास्त पाचशे. त्या काळी ही रक्कम जड असेल. आज तिची चेष्टाच होते. दिवाणी तुरुंगाची तरतूद त्याच कलमात आहे आणि न्यायालयाच्या अवमानाचा मार्गही आहे. पण मुलाला सांभाळणाऱ्या आईला किंवा बापाला तुरुंगात धाडावे, असे कोणत्याही न्यायाधीशाला सहसा वाटत नाही. त्यापेक्षा हुकलेल्या भेटीची भरपाई पुढच्या सुटीत अधिक दिवस देऊन करणे आणि वारंवार अडवणूक झाली तर ताब्याचाच फेरविचार होईल, असे आदेशात आरंभीच लिहून ठेवणे, हा अधिक परिणामकारक उपाय आहे.

फेरविचार शक्य आहे, कारण ताब्याचा आदेश कधीच अखेरचा नसतो. २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका बारा-तेरा वर्षांच्या मुलाबाबत वडिलांना ताबा देणारा आपलाच आदल्या वर्षीचा आदेश मागे घेतला. आईपासून दूर करण्याच्या नुसत्या शक्यतेने मुलाच्या मनावर कसा परिणाम झाला, याचे मानसोपचार तज्ज्ञांचे अहवाल पुढे आले होते. वडिलांच्या भेटी कायम ठेवून मूल आईकडे राहू दिले गेले. मुलाचे मत नेहमी शब्दांतच येते असे नाही. झोप, भूक आणि शाळेतील वागणूक हीही त्याची भाषा असते, हे त्या निकालातून दिसते.

आणि ही भाषा प्रथम कोणाला ऐकू येते? शिक्षकाला. कोणत्या आठवड्यापासून मूल गप्प झाले, गृहपाठ कोण तपासते, पालकसभेला कोण येते, हे हजेरीपटाइतकेच शाळेला ठाऊक असते. दोन पालकांपैकी एकाने पढविलेली साक्ष देण्याऐवजी शाळेने आपली नोंद जशीच्या तशी ठेवली आणि मागितली असता न्यायालयापुढे ठेवली, तर मुलावर उत्तराचा भार कमी पडतो. मूल न्यायला आलेल्या पालकाकडे न्यायालयाचा आदेश मागणे आणि तो पाहूनच वागणे, एवढी शिस्तही मुख्याध्यापकांनी पाळली, तर शाळेच्या फाटकावरील झोंबाझोंबी पुष्कळ टळेल.

१८४३ साली श्रीपतला विचारले गेले नाही, म्हणून अन्याय झाला. आज विचारले जाते; पण उशिरा विचारले जाते, एकदाच विचारले जाते आणि मधल्या काळात उत्तर घडविण्याची मोकळीक एका पक्षाला मिळते. विधी आयोगाने २०१५ सालच्या आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची तरतूद सुचविली आहे. तिचे काय व्हावयाचे ते होवो. मुलाशी वेळेवर बोलण्यासाठी आणि पहिल्या महिन्यापासून दोन्ही घरांची दारे उघडी ठेवण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. बुलढाण्याच्या न्यायाधीशांना तो अधिकार १८९० पासून आहे.